‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ म्हणजे नेमके काय? प्लाझ्मा थेरपीच्या उदाहरणातून समजून घेऊया

एप्रिल २०२१ मधील कोविडची दुसरी लाट बीड जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांच्या लक्षात असेल. त्या दिवसांत माझ्या फोनवर येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा : “सर, प्लाझ्मा कुठे मिळेल?” रुग्ण खाटेवर आणि मुलगा किंवा जावई रक्तपेढ्यांच्या दारात, असे चित्र होते. काही जण त्यासाठी तेव्हाच्या औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत धावले. रक्तगट जुळणारा आणि कोविडमधून बरा झालेला माणूस शोधण्यात रात्री गेल्या. मीही ओळखीच्या लोकांना फोन करून प्लाझ्मासाठी शब्द टाकला होता.

नंतर शांतपणे विचार केल्यावर एक गोष्ट मनाला लागली. भारतातील ३९ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाची प्रकृती गंभीर होणे किंवा त्याचा मृत्यू होणे प्लाझ्मामुळे टळत नाही, असा तो निकाल होता. तरीही आपण सगळे धावत होतो, कारण “प्लाझ्माने फायदा होतो असे संशोधनात दिसले आहे” हे वाक्य त्याआधीच घराघरात पोहोचले होते.

मागे एका महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांच्या सेमिनारमध्ये मला याच विषयावर बोलायला बोलावले होते. संशोधनाचे निकाल पुन्हा तपासल्यावर का टिकत नाहीत, पी-हॅकिंग म्हणजे काय आणि पूर्वनोंदणी कशासाठी असते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. तिथे केलेली मांडणी मी आज रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी लिहीत आहे. या गोष्टींचा संबंध शेवटी तुमच्या घरातल्या निर्णयांशी येतो.

प्लाझ्मावर एवढा विश्वास का बसला?

कल्पना साधी आणि पटण्यासारखी होती. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. त्याच्या रक्तातला पिवळसर द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, काढून आजारी माणसाला दिला तर त्याला तयार संरक्षण मिळेल, असा हा विचार. घटसर्पासारख्या आजारात अँटिबॉडी असलेले सीरम देण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे.

मार्च २०२० मध्ये चीनमधून पाच गंभीर रुग्णांचा अहवाल आला. प्लाझ्मा दिल्यानंतर त्यांची प्रकृती सुधारली होती. पण त्यांना इतर औषधेही चालू होती आणि प्लाझ्मा न दिलेल्या रुग्णांचा गट तुलनेसाठी नव्हता. जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘प्लाटिना’ नावाचा मोठा प्लाझ्मा प्रकल्प जाहीर केला आणि आशा आणखी वाढली.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्लाझ्माच्या आपत्कालीन वापराला परवानगी दिली. तेव्हा संस्थेचे प्रमुख स्टीफन हान यांनी सांगितले, की शंभर कोविड रुग्णांपैकी ३५ जण प्लाझ्मामुळे वाचले असते. दुसऱ्याच दिवशी त्यांना हे विधान चुकले असे मान्य करावे लागले.

चूक कुठे झाली ते पाहू. ज्या रुग्णांना प्लाझ्मा मिळाला होता, त्यांच्यातच दोन गटांची तुलना केली होती. जास्त अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी सात दिवसांत शंभरी सुमारे ९ रुग्ण दगावले. कमी अँटिबॉडीचा प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शंभरी सुमारे १४ दगावले. चौदावरून नऊवर येणे म्हणजे सुमारे ३५ टक्के घट. पण माणसांत मोजले तर हा फरक शंभरात पाच जणांचा आहे. आणि मुख्य म्हणजे प्लाझ्मा अजिबात न मिळालेला गट या तुलनेत नव्हताच. त्यामुळे प्लाझ्मा देणे आणि न देणे यात काय फरक पडतो, हे या आकड्यांवरून कळणे शक्यच नव्हते.

अशा आकड्यांतून मोठा निष्कर्ष का निघतो, हे कळण्यासाठी आधी पी-व्हॅल्यू समजून घेऊ.

पी-व्हॅल्यू : योगायोगाचे मोजमाप

समजा, एक नाणे दहा वेळा उडवले आणि नऊ वेळा छापा पडला. नाण्यात काही गडबड आहे का? नाणे अगदी सरळ असले, तरी दहापैकी नऊ किंवा दहा वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात साधारण एक असते. म्हणून आपल्याला संशय येतो.

पी-व्हॅल्यू हेच सांगते. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर दोन गटांत एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, त्याचा हा आकडा आहे. तो ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे वीसात एकपेक्षा कमी आला, की निकाल ‘लक्षणीय’ म्हणायचा, अशी वैद्यकीय संशोधनात रूढी आहे. ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. तिच्या अलीकडे सत्य आणि पलीकडे असत्य असे काही नसते.

इथे दोन गैरसमज होतात. पी-व्हॅल्यू ०.०५ आहे म्हणजे औषध खरे ठरण्याची शक्यता ९५ टक्के, असे नाही. आणि लक्षणीय म्हणजे मोठा फायदा, असेही नाही. हजारो रुग्णांच्या चाचणीत अगदी किरकोळ फरकही ‘लक्षणीय’ ठरू शकतो.

आता पुन्हा नाण्याकडे येऊ. सेमिनारच्या हॉलमध्ये शंभर विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने आपले नाणे दहा वेळा उडवले, असे समजा. निदान एका विद्यार्थ्याला नऊ किंवा दहा छापे मिळण्याची शक्यता आता किती? शंभरात सुमारे ६६! नाणी तीच आहेत, सरळच आहेत. फक्त उडवणारे हात वाढले. आता त्या एकाच विद्यार्थ्याला मंचावर बोलावून “बघा, याचे नाणे जादूचे आहे” असे सांगितले आणि बाकीच्या ९९ जणांबद्दल मौन पाळले, तर ऐकणारा फसेल. सांगितलेला प्रत्येक आकडा मात्र खरा असेल.

पी-हॅकिंग : उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलत राहणे

वैद्यकीय चाचणीत विद्यार्थ्यांच्या जागी मोजमापे असतात. एका रुग्णाबद्दल किती गोष्टी मोजता येतात पाहा : ताप, खोकला, धाप, थकवा, ऑक्सिजनची गरज, व्हेंटिलेटर, दाखल राहण्याचे दिवस, रक्ताचे वेगवेगळे अहवाल, मृत्यू. यातली प्रत्येक गोष्ट तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोजता येते. रुग्णांचे भागही पाडता येतात : स्त्रिया, पुरुष, साठीच्या आतले, साठीच्या पुढचे, मधुमेह असलेले, नसलेले.

औषध पूर्णपणे निरुपयोगी आहे असे धरू. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस तुलना केल्या, तर त्यातली निदान एक योगायोगाने ‘लक्षणीय’ येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग लेखात तीच एक ठळकपणे मांडली आणि उरलेल्या एकोणीस गाळल्या किंवा तळाशी टाकल्या, की झाले पी-हॅकिंग.

यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. बहुतेकदा माणूस स्वतःलाच फसवतो. दोन वर्षे कष्ट केलेले असतात, औषध चालते असे मनापासून वाटत असते. मृत्यूत फरक दिसला नाही, की मन म्हणते, “मृत्यू फार उशिराचा टप्पा झाला, धाप बघू.” तिथेही नाही दिसला, तर “फक्त लवकर दाखल झालेल्यांमध्ये बघू.” प्रत्येक पायरीला वैद्यकीय कारण देता येते. आकडे पाहून झाल्यावर सुचलेले कारणही तितकेच पटते, हीच खरी अडचण आहे.

याचे एक गाजलेले उदाहरण हृदयविकाराच्या उपचारातले आहे. १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण त्यात होते. ॲस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झाले. आजही झटक्याच्या रुग्णाला आपण ॲस्पिरिन देतो, त्यामागे या चाचणीचा मोठा आधार आहे.

लेख प्रसिद्ध करताना रुग्णांचे आणखी छोटे गट पाडून निकाल द्यावेत, असा आग्रह झाला. लेखकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून पाश्चात्त्य पद्धतीच्या राशीही मांडल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट थोडे नुकसानच दिसते, असे त्यातून आले! कोणताही डॉक्टर रास विचारून ॲस्पिरिन देणार नाही. लेखकांना हेच दाखवायचे होते, की खऱ्या आणि मोठ्या निकालाचेही पुरेसे तुकडे केले तर कुठे ना कुठे उलटे उत्तर दिसतेच. ‘रास’ म्हटल्यावर आपल्याला हसू येते. त्याच जागी ‘पन्नाशीच्या आतल्या, मधुमेह नसलेल्या स्त्रिया’ असे लिहिले असते, तर आपण मान डोलावली असती.

पूर्वनोंदणी : पेपर हातात येण्याआधी प्रश्न लिहून ठेवणे

यावरचा उपाय अगदी व्यवहारी आहे. पहिला रुग्ण चाचणीत घेण्याआधी संशोधकांनी काही गोष्टी सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवायच्या : किती रुग्ण घेणार, कोणाला काय देणार, मुख्य मोजमाप कोणते आणि ते कोणत्या दिवशी करणार. याला पूर्वनोंदणी म्हणतात. भारतात यासाठी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही २००७ पासून आहे. २००९ पासून औषध नियंत्रकांनी आपल्या अखत्यारीतील चाचण्यांसाठी ही नोंदणी सक्तीची केली.

आता आपली प्लाझ्माची गोष्ट पुढे नेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी केली. तिचा नोंदणी क्रमांक CTRI/2020/04/024775 असा आहे. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ४६४ रुग्ण त्यात घेतले गेले. हे सगळे मध्यम स्वरूपाच्या आजाराचे, रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण होते. चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने त्यांचे दोन गट केले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्माचे दोन डोस, प्रत्येकी २०० मिली, चोवीस तासांच्या अंतराने द्यायचे ठरले. २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले.

मुख्य मोजमाप एकच ठरलेले होते : २८ दिवसांत आजार गंभीर होणे किंवा कोणत्याही कारणाने मृत्यू होणे.

निकाल असा आला. प्लाझ्मा गटात ४४ जणांच्या, म्हणजे १९ टक्क्यांच्या बाबतीत हे घडले. दुसऱ्या गटात ४१ जणांच्या, म्हणजे १८ टक्क्यांच्या बाबतीत. केवळ मृत्यू पाहिले तर ३४ आणि ३१. थोडक्यात, फरक नाही.

पण याच चाचणीत आणखी काही मोजले होते. सातव्या दिवशी धाप आणि थकवा गेलेल्यांचे प्रमाण प्लाझ्मा गटात जास्त होते. विषाणूची चाचणी निगेटिव्ह झालेल्यांचे प्रमाणही त्या गटात सुमारे २० टक्क्यांनी जास्त होते. हे फरक ०.०५ च्या रेषेपलीकडे गेलेले होते.

क्षणभर कल्पना करा, की मुख्य मोजमाप आधी कुठेही लिहिलेले नाही. तर याच ४६४ रुग्णांच्या याच आकड्यांवरून बातमी कशी करता आली असती? “प्लाझ्मामुळे सात दिवसांत विषाणू जातो, धाप कमी होते : आयसीएमआरचे संशोधन.” एकही आकडा खोटा नसता आणि तुम्ही-मी आणखी जोरात रक्तपेढीकडे धावलो असतो. तसे झाले नाही, कारण प्रश्न आधी ठरला होता. लेखाचा निष्कर्ष त्याच प्रश्नाला धरून आला : प्लाझ्मामुळे आजार गंभीर होणे किंवा मृत्यू कमी झाला नाही.

मग धाप आणि थकव्याचे काय करायचे? ते फेकून द्यायचे नाही, पण त्यांचे वजन ओळखायचे. या चाचणीत कोणाला प्लाझ्मा मिळाला हे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही माहीत होते. “खास उपचार मिळाला” हे माहीत असलेला माणूस “आता बरे वाटते” असे सांगण्याची शक्यता जास्त असते. मृत्यूच्या नोंदीवर अशा वाटण्याचा परिणाम होत नाही. विषाणू लवकर निगेटिव्ह होणे हे प्रयोगशाळेचे मोजमाप आहे आणि ते खरेही असू शकते. पण त्यामुळे रुग्ण वाचले नाहीत. अहवाल सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुनरावृत्ती : दुसऱ्यांनी केल्यावरही तेच दिसते का?

एका चाचणीवर थांबायचे नसते. प्लॅसिडमध्ये एक उणीव होती. दिलेल्या प्लाझ्मात अँटिबॉडी किती आहेत हे आधी तपासून प्लाझ्मा निवडला नव्हता. त्यामुळे “प्लाझ्मा कमी ताकदीचा होता” असा आक्षेप आला आणि तो रास्त होता. असा आक्षेप म्हणजे नवा प्रश्न. त्याचे उत्तर जुन्या आकड्यांचे तुकडे करून मिळत नाही, नवी चाचणी लागते.

ती ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ या नावाने झाली. रुग्णालयात दाखल असलेले ११,५५८ रुग्ण आणि जास्त अँटिबॉडीचा प्लाझ्मा. मुख्य मोजमाप होते २८ दिवसांतील मृत्यू. दोन्ही गटांत ते २४ टक्के आले. मे २०२१ मध्ये हा निकाल सविस्तर प्रसिद्ध झाला आणि १७ मे २०२१ रोजी भारताच्या राष्ट्रीय उपचार सूचनांमधून प्लाझ्मा काढून टाकण्यात आला. आपल्याकडची सर्वात वाईट धावपळ तोवर होऊन गेली होती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर प्लाझ्माची गोष्ट इथेही पूर्ण संपत नाही. अर्जेंटिनामध्ये १६० ज्येष्ठ रुग्णांच्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत जास्त अँटिबॉडीचा प्लाझ्मा दिला, तेव्हा श्वसनाचा गंभीर त्रास ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. अशा लवकरच्या वापराच्या पुढच्या चाचण्यांत काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये आपण ज्याच्यासाठी धावत होतो तो रुग्ण वेगळा होता. त्याला बहुतेक वेळा आठ-दहा दिवस झालेले होते, तो दाखल होता आणि ऑक्सिजनवर होता. त्याच्यासाठीचे उत्तर दोन चाचण्यांनी सारखेच दिले होते.

पहिला निकाल पुन्हा तपासल्यावर न टिकणे हे फक्त प्लाझ्मापुरते नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या माजी संशोधन प्रमुखाने लिहिले, की कर्करोगावरील ५३ महत्त्वाचे प्रयोगशाळेतील निकाल त्यांच्या चमूने पडताळून पाहिले आणि फक्त ६ टिकले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘लक्षणीय’ होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे आले. यालाच पुनरावृत्तीचे संकट म्हणतात.

पूर्वनोंदणीने फरक पडतो का, याचीही एक झलक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेच्या निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्या एका अभ्यासात तपासल्या. २००० सालाआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या, म्हणजे मुख्य मोजमाप आधी नोंदवणे आवश्यक झाल्यानंतरच्या, २५ पैकी फक्त २ चाचण्यांत दिसला. दरम्यान नेहमीचे उपचार सुधारले, त्यामुळे नव्या औषधाला फायदा दाखवणे अवघड झाले, हेही एक कारण असू शकते. पण जुन्या सतरापैकी काही यश मोजमाप नंतर निवडण्यामुळे आले असावे, ही शंका उरतेच.

पूर्वनोंदणी म्हणजे हमी नाही

नोंदणी आहे म्हणजे चाचणी चांगली आहे, असे समजू नका. नोंदवहीतील क्रमांक म्हणजे सरकारने औषधाला दिलेली मान्यताही नव्हे. काही जाहिरातींत हा क्रमांक मान्यतेसारखा वापरला जातो.

दुसरे म्हणजे, नोंदणी कधी झाली हे महत्त्वाचे. भारताच्या नोंदवहीत १ एप्रिल २०१८ पर्यंत चाचणी सुरू झाल्यानंतरही नोंद करता येत असे. त्यामुळे जुन्या नोंदींत अशा चाचण्या दिसतात. आकडे हातात आल्यावर लिहिलेला प्रश्न हा आधी लिहिलेला प्रश्न नसतो.

तिसरे, नोंदवहीत एक मोजमाप आणि लेखात दुसरेच, असेही घडते. नोंदवही सार्वजनिक आहे, पण कोणीतरी उघडून ताडून पाहिले तरच तिचा उपयोग.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता?

एखाद्या महागड्या उपचाराबद्दल “संशोधनात सिद्ध झाले आहे” असे सांगितले गेले किंवा चाचणीत सहभागी होण्यासाठी संमतीपत्र पुढे आले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ctri.nic.in हे संकेतस्थळ उघडून तो क्रमांक शोधायला सांगा. माहिती इंग्रजीत असते, पण चारच गोष्टी पाहायच्या आहेत.

१. नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख. नोंदणी आधीची हवी. ती आधी झाली की नंतर, हे नोंदीत वरच लिहिलेले असते.

२. मुख्य मोजमाप. ते तुमच्या कामाचे आहे का? “रक्तातील अमुक घटक कमी होणे” आणि “पुन्हा झटका न येणे” यात तुम्हाला दुसरे हवे आहे.

३. रुग्णांची संख्या आणि तुलनेचा गट. “वीस रुग्णांना दिले, सगळ्यांना फरक पडला” यात तुलनाच नाही. त्यातले किती जण तसेही बरे झाले असते?

४. प्रसिद्ध झालेला निकाल त्याच मुख्य मोजमापाबद्दल बोलतो का? तो भलत्याच गोष्टीवर किंवा एखाद्या छोट्या गटावर भर देत असेल, तर तो पुढच्या चाचणीसाठीचा अंदाज समजा. उपचार बदलण्याचे कारण समजू नका.

यानंतर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : “हे दुसऱ्या कोणी, वेगळ्या रुग्णांवर करून पाहिले आहे का?” आणि टक्क्यांत फायदा सांगितला, तर “शंभर रुग्णांत किती जणांना?” असे विचारा. पस्तीस टक्के आणि शंभरात पाच जण, हे एकाच निकालाचे दोन चेहरे असू शकतात, हे आपण वर पाहिलेच.

एक सूचना. हा लेख वाचून रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराच्या चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. या आजारांवरची नेहमीची बरीच औषधे अनेक देशांतल्या मोठ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा तपासून टिकलेली आहेत. शंका असेल तर गोळ्यांची पाकिटे आणि जुनी चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि एकेका गोळीबद्दल विचारा.

दुसऱ्या लाटेत प्लाझ्मासाठी धावलेल्या कुटुंबांपैकी काही आजही मला विचारतात, “सर, प्लाझ्मा वेळेवर मिळाला असता तर बाबा वाचले असते का?” दाखल झालेल्या, ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाबद्दल मी त्यांना आता सरळ सांगतो : नाही, त्याने फरक पडला नसता. तुमच्या प्रयत्नांत काही कमी पडले नव्हते. एवढे खात्रीने मी सांगू शकतो, कारण कोणीतरी २०२० मध्ये प्रश्न आधी लिहून ठेवला होता आणि उत्तर मनासारखे आले नाही तरी तो बदलला नाही.